भर दुपारचा फोटो, मावळतीचं ऊन: एका एडिटची पूर्ण गोष्ट

पार्श्वभूमी

फोटो होता एका छोट्या दोन मजली गेस्टहाउसचा. समोर खडीचं अंगण, घराला पुढून पडवी, पडवीला लाकडी खांब, डावीकडे कमरेच्या वर येईल असा दगडी खांब म्हणजे जुन्या फाटकाचा उरलेला, उजवीकडे एक मोठं झाड आणि त्याच्या बुंध्याशी टेकवलेली सायकल. माणूस कुणी नाही, हे नशीबच म्हणायचं, कारण दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणीत जी काळी सावली पडते ती काढणं हे वेगळंच दुखणं आहे.

फाइलवरची वेळ १२:४० ची, तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली. मालकीणबाईंना हा फोटो माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हवा होता, पण संध्याकाळचा. मी साहजिक विचारलं की संध्याकाळी जाऊन परत का नाही काढत, एका दिवसाचं काम आहे. तर म्हणाल्या, "अहो ते झाड वादळात पडलं. आता तिथे नुसता खुंट आहे. मला झाड असलेलं घर हवंय."

म्हणजे काम असं: वेळ बदलायची, बाकी काही बदलायचं नाही. झाड तेच, फांदी न फांदी तीच, सायकल तिथेच, भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा तसाच. मी चार तास सांगितले आणि मनात म्हटलं दोनात होईल.

अडचण नेमकी काय होती

सगळ्यात आधी जे सगळेच करतात ते मीही केलं, फोटो पिवळा-केशरी केला, एक्स्पोजर थोडं खाली ओढलं, कडांना काळोख दिला. पाच मिनिटांत तयार. आणि बघितलं तर तो दुपारचाच फोटो, फक्त चहात बुडवून काढलेला.

असं का होतं हे कळायला रंग बाजूला ठेवून उजेड कुठून येतोय ते बघावं लागतं. दगडी खांब साधारण १.२ मीटर उंच आणि त्याची सावली जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे सूर्य क्षितिजापासून जवळपास ६७ अंश वर. असं ऊन वरून ओततं, त्यामुळे आडवी गोष्ट म्हणजे जमीन, छपराचा वरचा भाग, झाडाचा शेंडा झगझगीत होतात आणि उभी गोष्ट म्हणजे भिंत मागे पडते. मावळतीला बरोब्बर उलटं. ऊन आडवं येतं, भिंतीवर छातीवर आदळल्यासारखं आदळतं आणि जमिनीवरून नुसतं घासून जातं.

हे मी कागदावर मांडून बघितलं. आपण धरू की संध्याकाळी सूर्य ८ अंशांवर आहे आणि भिंतीशी ४५ अंशांत तिरका येतोय (हे ४५ कुठून आलं ते पुढे सांगतो). जमिनीवर पडणारं थेट ऊन सूर्याच्या उंचीच्या साइनवर ठरतं, तर दुपारी ते ०.९२ आणि संध्याकाळी ०.१४. भिंतीवर दुपारी ०.२८, संध्याकाळी ०.७०. म्हणजे दुपारी जमिनीला भिंतीच्या तिपटीहून जास्त ऊन मिळत होतं, संध्याकाळी भिंतीला जमिनीच्या पाचपट. नातंच उलटं झालं. फोटोग्राफीच्या भाषेत हा चार स्टॉपचा पालट आहे, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, प्रत्यक्षात आकाशाचा उजेड सगळीकडे सारखा मिसळत असल्याने तो कमी जाणवतो, मी शेवटी दोन स्टॉपच्या आसपास थांबलो. पण कुठलाही केशरी फिल्टर हे करू शकत नाही, कारण फिल्टर भिंत आणि जमीन दोघांना एकच वागणूक देतो.

दुसरी अडचण म्हणजे दुपारच्या सावल्या फोटोत छापल्यासारख्या बसलेल्या होत्या. पडवीच्या छपराखाली काळाकुट्ट पट्टा, झाडाखाली गोल डबक्यासारखी सावली, सायकलची सावली थेट तिच्या खाली. या सावल्या जागेवर असताना डोळा कितीही केशरी रंगाला फसत नाही.

सूर्य कुठे मावळतो ते आधी ठरवणं

हा पहिला खरा निर्णय, आणि इथेच मालकीणबाईंशी माझं पहिलं वाजलं. त्यांना हवं होतं की घराच्या छपरामागे सूर्याचा लाल गोळा दिसावा आणि आकाश पेटलेलं असावं. ऐकायला छानच आहे.

मी त्यांना नकाशावर घराची दिशा दाखवायला सांगितली. घराचं तोंड नैऋत्येला. म्हणजे फोटो काढणारा अंगणात उभा राहून ईशान्येकडे बघत होता. फोटोतल्या सावल्यांनीही तेच सांगितलं, भर दुपारच्या सावल्या तिथे उत्तरेकडे पडतात आणि फोटोत त्या घराच्या दिशेने डावीकडे जात होत्या, म्हणजे जुळलं. मार्चच्या शेवटी दिवस-रात्र जवळपास सारखे असतात तेव्हा सूर्य जवळजवळ ठीक पश्चिमेला मावळतो. आता ईशान्येकडे तोंड करून उभे राहा, पश्चिम कुठे येते? डाव्या खांद्याच्या मागे. ते ४५ अंश इथून आले.

म्हणजे या फ्रेममध्ये सूर्य येऊच शकत नाही, तो कॅमेऱ्याच्या मागे आहे. चांगली गोष्ट अशी की घराच्या पुढच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन खरंच पडतं, म्हणजे आपण जे दाखवणार ते तिथे जाऊन उभं राहिलेल्या पाहुण्याला खरंच दिसू शकतं. हे माझ्यासाठी महत्त्वाचं होतं, कारण राहायला येणाऱ्या माणसाला फोटोत उन्हाने न्हालेली पडवी दाखवायची आणि प्रत्यक्षात ती कायम सावलीत, हे बरं नाही.

कोणते पर्याय होते

एक, मालकीणबाई म्हणतात तसं आकाश बदलायचं, छपरामागे पेटलेलं आकाश लावायचं आणि घर काळपट करायचं, कारण सूर्य मागे असेल तर पुढची भिंत सावलीत असणार. हे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं, अंधारात खूप पापं झाकली जातात. पण घराचा रंग, पडवी, सायकल सगळं अंधारात जाणार आणि ज्या झाडासाठी एवढा खटाटोप ते नुसती काळी आकृती होणार. शिवाय दिशा खोटी.

दोन, सूर्य कॅमेऱ्याच्या डावीकडून मागून, भिंत उजळलेली, आकाश शांत. काम सगळ्यात जास्त.

तीन, सूर्य नुकताच बुडालाय, सगळं मऊ, सावल्याच नाहीत. हा मला फार मोहात पाडणारा पर्याय होता, कारण दुपारच्या सावल्या पुसायच्या, थंड निळसर छटा द्यायची, झालं, नवीन सावल्या काढायच्याच नाहीत. पण त्याला कातरवेळ म्हणतात, मावळतीचं ऊन नाही, आणि बाईंना ऊन हवं होतं.

मी दोन नंबर सुचवला. त्या म्हणाल्या एकदा पेटलेलं आकाश लावून दाखवा ना, मग ठरवू. इथे मी ठाम राहायला हवं होतं. राहिलो नाही. एक तयार केशरी आकाश झाडामागे बसवलं, आणि घर अंधारात जातंय ते त्यांना आवडलं नाही म्हणून भिंतही उजळ केली. दोन्ही हवंच होतं त्यांना. त्यांनी तो फोटो ज्याने मूळ काढला होता त्या फोटोग्राफरला पाठवला, तो मला फोनवर म्हणाला, "अरे, सूर्य मागे मावळतोय आणि भिंतीवर पुढून ऊन? तुझ्याकडे सूर्य दोन आहेत का?" पुढे हेही म्हणाला की झाडाच्या पानांच्या कडेला निळसर पांढरी रेघ दिसतेय. ती दुपारच्या आकाशाची उरलेली कड, पानं इतकी बारीक की मास्क, म्हणजे बदल कुठे लागावा आणि कुठे नाही ते ठरवणारा मुखवटा, कितीही घासला तरी जुनं आकाश पानांच्या कडेत मिसळलेलं राहतंच. तीन तास वाया गेले पण एक झालं, बाईंना त्या दोन सूर्यांचं लगेच पटलं.

८ अंश का

संध्याकाळ म्हणजे नेमकी किती वाजताची हेही ठरवावं लागतं, कारण सावलीची लांबी त्यावर आहे. सूर्य २ अंशांवर असेल तर सावली उंचीच्या २८ पट, ४ अंशांवर १४ पट, ८ अंशांवर ७ पट. दोन अंश घेतले तर कॅमेऱ्यामागच्या कुंपणापासून दूरच्या झाडापर्यंत सगळ्याच्या सावल्या फ्रेममध्ये शिरतात आणि ते सगळं मला न दिसणारं. आठ अंश म्हणजे त्या जागी त्या तारखेला सूर्यास्ताच्या साधारण ३५ मिनिटं आधी. ऊन पिवळसर तांबूस झालेलं, पण अजून दम असलेलं. मी तिथे थांबलो.

तरी मागे काय आहे ते विचारलंच. कॅमेऱ्याच्या मागे-डावीकडे दीड मीटर उंच कुंपण आहे असं कळलं. त्याची सावली साडेदहा मीटर येणार, म्हणजे अंगणाचा पुढचा बराच भाग सावलीत. मला आनंदच झाला. खडीचा पुढचा भाग हाच सगळ्यात जास्त दुपारचा दिसत होता, कारण आडव्या उन्हात प्रत्येक खड्याला स्वतःची लांब सावली असते आणि ती हजारो खड्यांना हाताने कोण देणार. सावलीत गेला की प्रश्नच मिटला.

काय केलं

सुरुवात फाइलपासून. मेसेजवरून आलेल्या जेपीजीत पडवीचा काळा पट्टा उघडून बघितला तर आत नुसते चौकोन, तपशील काही नाही. म्हणून फोटोग्राफरकडून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली न दाबलेली मूळ फाइल मागवली, त्यात तोच पट्टा सव्वादोन स्टॉप वर उचलला तर आतली मागची भिंत, दार, एक खुर्ची, सगळं सापडलं. थोडा दाणा आला, चालतो. रॉ नसती तर हे काम मी सरळ नाकारलं असतं, कारण पडवीच्या आत ऊन पाडायचंय आणि आत काही नाहीच, तर मला ते काढावं लागलं असतं, मग "सीन तोच" कसला.

त्यानंतर दुपार पुसली. म्हणजे जिथे जिथे दुपारची सावली होती तिथे मास्क करून ती उजेडाच्या पातळीवर आणली. सावलीतला भाग निळसर असतो, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून नुसता उजळ केला तर निळा ठिपका दिसतो, थोडा पिवळेपणा सोबत द्यावा लागतो. सावलीच्या कडेला एक बारीक रेघ उरते ती क्लोन करून मिटवली. सगळं झाल्यावर फोटो अगदी सपाट, ढगाळ दिवसासारखा दिसला पाहिजे. इथे एक चूक झाली: उत्साहात मी सायकलच्या चाकाखालची आणि दगडी खांबाच्या बुडाची सावलीही पूर्ण साफ केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सायकल हवेत तरंगतेय. वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथला बारीक काळोख कुठल्याही वेळी असतो, सूर्य असो नसो, तो काढायचा नसतो. परत आणला.

मग एकाच रॉमधून दोन फाइल काढल्या, दोघींवर तेच पुसण्याचे मास्क. एक "सावली": रंगाच्या तापमानाचा स्लायडर ४६०० केल्व्हिनवर, एक्स्पोजर सव्वा स्टॉप खाली, कॉन्ट्रास्ट कमी. दुसरी "ऊन": तापमान ७८०० वर. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, की मावळतीचं ऊन तर कमी केल्व्हिनचं असतं मग आकडा वाढवायचा कसा. तो स्लायडर फोटोला कुठला रंग द्यायचा ते सांगत नाही, फोटो काढताना उजेड कसा होता ते विचारतो, आणि तुम्ही "निळा होता" म्हणालात की भरपाई म्हणून पिवळं ओततो. म्हणून उलटा चालतो.

खाली "सावली", वर "ऊन", आणि "ऊन"वर पूर्ण काळा मास्क. आता जिथे पांढरा ब्रश फिरेल तिथे ऊन पडेल. हा मास्क म्हणजे सगळं काम. पुढच्या भिंतीला जवळपास पूर्ण पांढरा, खडीच्या मागच्या पट्ट्याला १५-२० टक्के, झाडाच्या बुंध्याच्या आणि फांद्यांच्या डाव्या अंगाला पूर्ण, उजव्या अंगाला शून्य. या पद्धतीत उबदार ऊन आणि निळसर सावली आपोआप शेजारी येतात, आणि संध्याकाळ डोळ्याला पटते ती त्या शेजारामुळे, नुसत्या केशरीमुळे नाही.

पडवीत जरा हिशोब केला. पडवी दोन मीटर खोल, छपराची कड २.४ मीटर उंच. ऊन ४५ अंशांत तिरकं येतं म्हणजे कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत ते २.८ मीटर चालतं, आणि ८ अंशांच्या उताराने तेवढ्यात ०.४ मीटर खाली उतरतं. म्हणजे मागच्या भिंतीवर २ मीटर उंचीपर्यंत ऊन आणि वरचा हातभर पट्टा सावलीत. जी जागा दुपारी सगळ्यात काळी होती तीच आता सगळ्यात गोड झाली. खांबांच्या सावल्या मागच्या भिंतीवर उभ्याच पडतात, फक्त उजवीकडे दोन मीटर सरकून.

दगडी खांबाची सावली

फ्रेममध्ये अंगणातून आरपार जाणारी लांब सावली एकच, या खांबाची, आणि बघणाऱ्याचं लक्ष तिच्यावरच जाणार होतं. त्यामुळे तिच्यावर पाऊण तास घालवला.

दिशा अंदाजाने काढली की ती हमखास चुकते. जमिनीवरच्या सगळ्या समांतर सावल्या क्षितिजरेषेवर एकाच बिंदूकडे धावतात, रुळांसारख्या. इथे सावल्या पूर्वेकडे जाणार, म्हणजे कॅमेऱ्याच्या रोखापासून ४५ अंश उजवीकडे. लेन्स २४ मिलिमीटर, फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद. ४५ अंशांचा टॅन १, म्हणून तो बिंदू मध्यापासून २४ मिलिमीटरवर. ६००० पिक्सेल रुंद फोटोत हे ४००० पिक्सेल, आणि मध्यापासून कड ३००० वर. तर बिंदू उजव्या कडेच्या १००० पिक्सेल बाहेर. कॅनव्हास वाढवून तिथे खूण केली आणि खांबाच्या बुडापासून तिकडे रेघ ओढली. हे कॅमेरा सरळ धरलेला असला आणि लेन्सचा वाक आधी काढला असला तरच बरोबर येतं.

खांबापासून भिंत उन्हाच्या दिशेने सहा मीटरवर. पूर्ण सावली साडेआठ मीटरची, म्हणजे ती भिंतीला पोचून वर चढणार. किती? सहा मीटरात ऊन ०.८४ मीटर उतरतं, १.२ मधून ते वजा केलं तर ०.३६. म्हणजे भिंतीच्या पायाशी वीतभर रुंद, दीड वीत उंच असा एक उभा तुकडा. हा छोटा तुकडा काढल्याबरोबर घर आणि खांब एकाच जागेत उभे आहेत असं वाटायला लागलं, तोवर खांब चिकटवल्यासारखा वाटत होता, खरं तर तोच तिथे मुळापासून होता.

आणि सावलीची कड. सूर्य बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून सावलीची कड अंतराबरोबर पसरते, साधारण दर मीटरला एक सेंटिमीटर. खांबाच्या बुडाशी कड धारदार, भिंतीपाशी पाच-सहा सेंटिमीटर मऊ. ब्लर एकसारखा लावला की लगेच खोटं दिसतं. मी तीन तुकड्यांत ब्लर वाढवत नेला. सावलीचा रंग काळा घ्यायचा नाही, फक्त "ऊन" मास्कमध्ये काळं करायचं, म्हणजे खालचा निळसर भाग आपोआप दिसतो.

आकाश

आकाश बदललं नाही. मूळचेच ढग ठेवले. मावळतीच्या विरुद्ध बाजूचं आकाश पेटत नाही, तिथे वर मंद निळं आणि क्षितिजाजवळ फिकट गुलाबी-जांभळट असतं, आणि ढग समोरून ऊन मिळाल्यामुळे पीचच्या रंगाचे. मी एक कर्व्ह घेऊन आकाश सव्वा स्टॉप खाली आणलं, निळा फिका केला, खालच्या तिसऱ्या भागात गुलाबी ग्रेडियंट, ढगांच्या उजळ भागाला तांबूस छटा. बदल इतका हळू पसरतो की पानांच्या कडेला रेघ उरतच नाही, जुनं आकाश आणि नवं आकाश एकच आहे ना. फक्त १६ बिटमध्ये काम करायचं आणि शेवटी बारीक दाणा द्यायचा, नाहीतर ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसतात. ८ बिटमध्ये मला ते दिसलेच होते.

आणि बाईंचं केशरी? त्याची जागा खिडक्यांत सापडली. वरच्या मजल्याच्या काचा कॅमेऱ्याकडे तोंड करून आहेत, म्हणजे त्यांच्यात कॅमेऱ्यामागचं आकाश दिसतं, आणि ते तर मावळतीचं! दुपारच्या फोटोत त्या काचा निळ्या होत्या आणि माझं त्याकडे शेवटपर्यंत लक्ष गेलं नव्हतं, फोटोग्राफरनेच विचारलं की संध्याकाळ झाली पण काचेत दुपार का आहे. डाव्या काचेत पश्चिमेकडचा भाग जास्त येतो म्हणून ती जास्त पेटलेली, उजवीकडे जाताना मंद. तीन खिडक्या, तीन वेगळ्या छटा. चाळीस मिनिटांचं काम, पण बाई सगळ्यात खूश याच गोष्टीवर झाल्या.

पडवीतला दिवा लावा असंही म्हणाल्या होत्या. मूळ फोटोत बंद आहे म्हणून बंदच ठेवला, आणि इतक्या उन्हात तो लावला तरी फारसा दिसत नाही.

कसं तपासलं

फोटो काळा-पांढरा करून बघितला. रंग गेल्यावरही संध्याकाळ दिसली तर उजेड बरोबर आहे. माझ्या पहिल्या पाच मिनिटांच्या केशरी फोटोला हेच केलं तर निव्वळ दुपार दिसली. मग फोटो आडवा उलटा करून बघितला, तेव्हा झाडाचा शेंडा डोळ्यात खुपला. वरच्या पानांवर दुपारच्या उन्हाची पांढरी चकाकी होती, ऊन वरून असल्याची सही. पान न पान बदलणं शक्य नव्हतं, मी चकाकी दाबली आणि शेंड्याला थोडा गडदपणा दिला. मोठ्या छपाईत नीट बघणाऱ्याला आजही कळेल. हे बाईंना दाखवून सांगितलं, त्या म्हणाल्या चालेल.

निकाल

चार तास सांगितलेले, लागले अकरा, त्यात ते तीन दोन सूर्यांचे. मुखपृष्ठ छापलं गेलं. आतल्या पानावर छायाचित्राच्या ओळीत "मूळ छायाचित्र दुपारचे, प्रकाश संपादित" असं लिहायला मी सुचवलं आणि त्यांनी ते लिहिलं. जे झाड आता नाही ते फोटोत आहे, याबद्दल मात्र काय लिहायचं यावर आमचं थोडं बोलणं झालं, शेवटी त्यांनी फोटोखाली वर्ष टाकलं.

आज परत केलं तर

पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारेन: रॉ आहे का, घराचं तोंड कुठे, कॅमेऱ्यामागे काय आहे. या वेळी मी त्या तिसऱ्या दिवशी विचारल्या.

रंगाला हात लावायच्या आधी काळ्या-पांढऱ्यात एक ढोबळ रेखाटन पाठवेन, उजेड कुठे आणि सावली कुठे एवढंच, अर्ध्या तासाचं काम. त्यावर होकार घेईन. तेव्हा "पेटलेलं आकाश लावून दाखवा" याला उत्तर देणं सोपं जातं, कारण समोर चित्र असतं, नुसता वाद नसतो.

काचा, पाणी, गाडीचं बॉनेट, जे जे चमकतं त्याची यादी आधी करेन. या फोटोत सायकलची घंटासुद्धा होती, तिच्या क्रोमवर दुपारचा सूर्य एक पांढरा ठिपका होऊन बसला होता. तो मला छापून आल्यावर दिसला.